चकलीचा नमस्कार

घरच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं की उत्तरादाखल हलतं चित्र पाठवायचं, हे आता आपल्याकडे काकांपासून पणजीपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. ती चित्रं मात्र कुठून कुठून आलेली असतात. कुठला पांडा, कुठलं पिवळं बदक, कुठल्या सिनेमातला नट. दुकानदार मंडळीही तीच पाठवतात. फराळाची ऑर्डर दिली की पलीकडून पांडा अंगठा दाखवतो. यात पांड्याचा दोष नाही, पण फराळाचा आणि त्याचा संबंध काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मावशींचा फराळाचा गृहउद्योग आहे. चकली, चिवडा, शेव, दिवाळीत अनारसे. निम्मं गिऱ्हाईक मराठी, निम्मं गुजराती, आणि जवळजवळ सगळी ऑर्डर व्हॉट्सअॅपवर. त्यांची भाची चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. मावशींना दुकानाचं एक पात्र हवं होतं, आणि ते पात्र आठ छोट्या हालचालींमध्ये गिऱ्हाइकांना उत्तर देईल असं हवं होतं. हे काम मला सुरुवातीपासून जवळून बघायला मिळालं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात टॅबलेट आणि पेन आहे, म्हणून या वेळचं सदर त्यासाठी.

व्यवसायाचं पात्र ही कल्पना आपल्याला नवी नाही. एअर इंडियाचा महाराजा १९४६ सालचा. रंगाच्या डब्यासह उभा असलेला एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. आणि आमच्या शेजारच्या आणंदच्या लोण्याची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी तर साठच्या दशकापासून फलकांवर आहे. ही सगळी पात्रं लांबून ओळखू येतात. महाराजाची नुसती सावली पाडली तरी मिशा आणि पागोटं कळतं. पण त्यांना फलकावर स्थिर उभं राहायचं होतं. मोबाइलवरच्या पात्राला अंगठ्याएवढ्या जागेत, दोन सेकंदांत, आवाजाशिवाय, पुन्हा पुन्हा तेच करत काहीतरी सांगायचं असतं. हे काम वेगळं आहे आणि त्याच्या अडचणीही वेगळ्या आहेत.

पात्र म्हणून चकली निवडली, कारण मावशींची चकलीच प्रसिद्ध आहे आणि गुजराती गिऱ्हाईक तिला चकरी म्हणत असलं तरी बघितल्यावर ओळखतंच. नाव ठरलं चकू. भाचीने पहिलं चित्र अगदी खऱ्या चकलीवर बेतलं होतं. पाच वेढे, प्रत्येक वेढ्यावर बारीक काटे. कागदावर ते सुंदर दिसत होतं. मग तिने ते चित्र ९६ बाय ९६ पिक्सेलवर आणलं. व्हॉट्सअॅपमध्ये स्टिकरच्या संचाचं जे छोटं चिन्ह दिसतं, त्याचं हे माप. त्या मापावर वेढे आणि काटे एकमेकांत मिसळून नुसता तपकिरी गिचका झाला, आणि त्यात डोळे कुठे आहेत तेच कळेना.

मग वेढे तीन केले. काटे फक्त बाहेरच्या कडेला ठेवले, तेही मोजके आणि ठसठशीत. मधला वेढा थोडा मोठा करून तिथे चेहरा बसवला. सगळं चित्र काळ्या रंगाने भरून बघितलं, तर फक्त सावलीवरून चकली कळत होती. ही चाचणी रंग भरायच्या आधीच करायची असते, कारण सावलीत जे ओळखू येत नाही ते हललं म्हणजे जास्त ओळखू येईल असं होत नाही, उलट आणखी हरवतं.

रंगावर मावशींनी एकदम हरकत घेतली. "एवढी लाल कशी गं? कढई जास्त तापलीय हिची." भाचीने गडद तपकिरी रंग घेतला होता, कारण पांढऱ्या पडद्यावर तो उठून दिसत होता. पण फराळ करणाऱ्या बाईच्या डोळ्यांना ती करपलेली चकली होती, आणि करपलेली चकली कोण विकत घेणार? मग भाजणीच्या चकलीचा सोनेरी पिवळट रंग घेतला आणि कडेची रेघ गडद ठेवली. तेवढ्याने भागलं नाही. हल्ली बऱ्याच जणांचा पडदा काळा असतो, आणि काळ्यावर गडद रेघ नाहीशी होते. त्यासाठी स्टिकरच्या बाहेरून पांढरी किनार देतात. व्हॉट्सअॅपची शिफारस ५१२ पिक्सेलच्या चित्राला ८ पिक्सेल पांढरी किनार अशी आहे, आणि ती दिली की पात्र दोन्ही पडद्यांवर सुटं उठून दिसतं.

आता हालचाल. अॅनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात चेंडूचा धडा मिळतो. चेंडू जमिनीवर आपटला की चपटा होतो, उसळला की लांबट होतो. त्यामुळे चित्राला वजन आणि जीव येतो. भाचीने चकूला तशीच उडी दिली. उतरताना चकू छान चपटी झाली. मावशी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही मऊ पडलीय."

बरोबर होतं त्यांचं. चकलीचं सगळं मोल तिच्या कुरकुरीतपणात आहे. ती रबरासारखी दबली की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार सादळलेल्या डब्याचा येतो. म्हणून नियम ठरला: चकूचं अंग कधीच वाकणार नाही, दबणार नाही. ती सबंध चकती म्हणून कलेल, फिरेल, उडी मारेल. मऊपणा सगळा डोळे, भुवया, हात आणि पाय यांच्यात. पुस्तकातला धडा मोडला, पण वस्तूचा स्वभाव राहिला. लाडवाचं पात्र असतं तर थोडं दबायला माझी हरकत नसती.

या नियमाचा एक फायदा लगेच दिसला. अंग वाकत नाही म्हटल्यावर ते एकदाच काढायचं आणि तोच थर सरकवायचा. प्रत्येक चौकटीत काटे नव्याने काढले असते तर दर चौकटीला ते केसाएवढे इकडेतिकडे झाले असते आणि चालवल्यावर कडा खदखदल्यासारखी दिसली असती. भाचीने क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे थर केले. अंगाचा एक, उघड्या आणि मिटलेल्या डोळ्यांचे दोन, भुवया, चार-पाच तोंडं, हातांच्या चार मुद्रा, पाय. अंग कशाभोवती कलणार तो बिंदू पायांच्या मधोमध ठरवला. आठही हालचाली याच सुट्या भागांतून उभ्या राहिल्या.

चौकटीत जागा किती वापरायची हेही तेव्हाच ठरवावं लागतं. चित्र ५१२ बाय ५१२, त्यात चारी बाजूंनी १६ पिक्सेल मोकळे सोडायचे. पण पात्र उरलेली सगळी जागा भरेल एवढं काढलं, तर उडी मारताना काटे वर कापले जातात. म्हणून आधी सर्वांत मोठी मुद्रा काढायची, म्हणजे हात वर करून उडीच्या टोकाला असलेली चकू, ती चौकटीत बसवायची आणि मग त्याच मापाने उभी चकू ठेवायची. उभी असताना ती जरा लहान वाटते, पण सगळ्या स्टिकरांत तिचं माप एकच राहतं.

आठ हालचाली कोणत्या, हे भाचीने मनाने ठरवलं नाही. मावशींचा फोन घेऊन बसली आणि महिनाभरात त्यांनी गिऱ्हाइकांना काय काय लिहिलं ते वाचून काढलं. त्यात 'ऑर्डर लिहून घेतली', 'निघालं', 'पोचलं का?', 'आजचं संपलं', 'आभारी आहे' हेच पुन्हा पुन्हा होतं. त्याला नमस्कार, हसू आणि दिवाळीचा दिवा जोडला. अक्षरं कशावरच घालायची नाहीत असं ठरलं. निम्म्या गिऱ्हाइकांना मराठी वाचायला अडचण नसली तरी घरात गुजराती चालतं, आणि चित्रातलं अक्षर ९६ पिक्सेलवर तसंही वाचता येत नाही. 'संपलं' साठी चकू डबा उलटा करते, आतून एकच कण पडतो, ती तो कण बघते आणि आपल्याकडे बघते. हे गुजरातीतही कळतं आणि कानडीतही कळेल.

आता नमस्काराचं काम सविस्तर सांगतो, कारण सर्वांत सोपा वाटलेला नमस्कारच सर्वांत अवघड निघाला.

भाचीचा पहिला नमस्कार असा होता: हात मोकळे, मग जुळतात, मग पुन्हा मोकळे होतात. एकदा चालवला तर तो नमस्कार दिसायचा. पण स्टिकर एकदा चालून थांबत नाही, ते फिरत राहतं. हात जुळले, सुटले, जुळले, सुटले. मावशींनी विचारलं, "ही टाळ्या का वाजवतेय?" सतत फिरणाऱ्या हालचालीला सुरुवात आणि शेवट नसतो. बघणारा कुठूनही बघायला लागतो, आणि त्याला मुद्रेपेक्षा लय आधी दिसते. समान अंतराने जुळणारे हात म्हणजे टाळ्याच.

दुसऱ्या प्रयत्नात हात कायम जुळलेले ठेवले आणि चकू फक्त झुकायची आणि उठायची. टाळ्या गेल्या, पण आता ती मान डोलावतेय असं वाटू लागलं, कारण खाली जायला जेवढा वेळ तेवढाच वर यायला. लंबकासारखं. खरा नमस्कार तसा नसतो. माणूस झटकन झुकतो, क्षणभर खालीच राहतो आणि मग सावकाश वर येतो. तो खालचा थांबा म्हणजेच नमस्कार.

तिसऱ्या प्रयत्नात वेळ असमान वाटला. सेकंदाला १२ चौकटी, एकूण २४, म्हणजे दोन सेकंद. पहिल्या चार चौकटी चकू हात जोडून स्वस्थ उभी. पुढच्या दोन चौकटींत टाचा उचलून किंचित मागे जाते, एक अंश, मग तीन. झुकण्याआधीची ही छोटी उलट हालचाल नसेल तर कुणीतरी मागून ढकलल्यासारखं दिसतं. मग चार चौकटींत पुढे कलते: २, ७, १२, १५ अंश. मग १६ अंशांवर डोळे मिटून आठ चौकटी थांबते. शेवटच्या सहा चौकटींत वर येते: १५, १२, ८, ५, २, १. आकडे नीट बघितलेत तर लक्षात येईल की झुकताना टोकाला आणि उठताना दोन्ही टोकांना अंतरं लहान आहेत. हालचाल सुटताना आणि थांबताना हळू, मध्ये वेगात. सगळी अंतरं सारखी ठेवली की पात्र दरवाजाच्या बिजागरीसारखं फिरतं.

शेवटची चौकट १ अंशावर आहे, शून्यावर नाही, हे मुद्दाम आहे. शून्य अंशाची चौकट पहिलीच आहे. शेवटी पुन्हा तीच ठेवली तर एकच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि हालचालीत गचका बसतो. नमस्कारात सुरुवातीला थांबा असल्याने तो लपला असता, पण 'निघालं' मध्ये चकू सायकल मारते. तिथे चाक दर फेरीला अडखळलेलं स्पष्ट दिसतं. फिरणारी चित्रं तपासताना मी एक करतो: दहा-बारा वेळा सलग फिरू देतो आणि चित्राकडे न बघता बोटाने ठेका धरतो. जिथे बोट अडतं, तिथे चौकट दुबार आहे किंवा एखादी गळली आहे.

चकूचं तोंड किंचित उजवीकडे वळलेलं आहे. यालाही कारण आहे. आपल्याला आलेला संदेश पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर चकू डावीकडे उभी राहून पडद्याच्या मध्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, नमस्कार करते. उलट वळवली असती तर ती फोनच्या कडेला नमस्कार करत बसली असती. पहिल्या चौकटीत हात जुळलेलेच आहेत, म्हणजे जिथे चित्र चालत नाही तिथेही नमस्कार वाचता येतो.

मग वजनाचा प्रश्न येतो. व्हॉट्सअॅपचं हलतं स्टिकर वेबपी प्रकारात लागतं, ५१२ बाय ५१२, पारदर्शक पार्श्वभूमीचं, आणि ५०० केबीच्या आत. लांबी दहा सेकंदांपर्यंत चालते, पण दोन-अडीचच्या पुढे जायचं कारण मला अजून सापडलेलं नाही. जुनी गिफ फाइल इथे उपयोगाची नाही. तिच्यात ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण भरीव, अधलंमधलं काही नसतं. त्यामुळे गोल कडा करवतीसारख्या दिसतात, आणि चकली तर सगळी गोल कडांचीच.

थांब्याच्या चार किंवा आठ चौकटींसाठी तेवढी चित्रं काढायची गरज नसते. एकच चित्र जास्त वेळ दाखवायचं. म्हणून २४ चौकटींच्या नमस्काराला प्रत्यक्षात १४ चित्रं लागली. ती गूगलच्या मोफत वेबपी साधनांनी अशी जोडली:

```
img2webp -loop 0 -lossy -q 75 -d 333 n01.png \
  -d 83 n0[2-7].png -d 667 n08.png \
  -d 83 n09.png n1[0-4].png -o namaskar.webp
```

`-d` नंतरचा आकडा म्हणजे चित्र किती मिलिसेकंद दाखवायचं. सेकंदाला १२ चौकटी म्हणजे प्रत्येकी साधारण ८३. पहिल्या चित्राला चार चौकटींचे ३३३, डोळे मिटलेल्या आठव्या चित्राला ६६७. नंतर थांबा कमी-जास्त करायचा झाला तर चित्र बदलावं लागत नाही, फक्त आकडा बदलतो. `-loop 0` म्हणजे सतत फिरत राहा.

फाइल मोठी झाली की बहुतेक जण आधी `-q` चा आकडा उतरवतात. मला ते पटत नाही. तो फार खाली नेला की गडद रेघेभोवती डाग यायला लागतात, आणि मोठ्या सपाट रंगावर ते फार वाईट दिसतात. त्याआधी चित्रात काय हलतंय ते बघावं. वेबपीमध्ये पुढच्या चौकटीसाठी फक्त बदललेला भाग साठवता येतो. हात हलला तर हाताएवढाच तुकडा. पण चकू जागच्या जागी श्वास घेतेय म्हणून सगळं अंग एक-एक पिक्सेल हललं, तर प्रत्येक काटा, प्रत्येक वेढा दर चौकटीला नव्याने साठवला जातो. 'ऑर्डर लिहून घेतली' मध्ये भाचीने हाच श्वास घातला होता. तो काढला, फक्त पेन्सिल धरलेला हात आणि डोळे हलते ठेवले, आणि फाइल मर्यादेत सहज बसली. शिवाय नजर वहीवर टिकली. दुसरं म्हणजे रंगातल्या हळुवार छटा काढून सपाट रंग ठेवावेत. एवढं करूनही जड असेल तर मग `-q` ला हात लावावा.

टेलिग्रामवर हेच चालवायचं असेल तर तिथे चित्रफितीच्या स्टिकरला तीन सेकंद आणि २५६ केबी ही मर्यादा आहे, आणि प्रकार `.webm`. दोन सेकंदांची शिस्त आधीपासून पाळली असेल तर काम नव्याने करावं लागत नाही.

'ऑर्डर लिहून घेतली' ची आणखी एक गोष्ट आहे. मूळ कल्पनेत तिथे वही-पेन्सिल नव्हती, चकू नुसती होकार द्यायची. आणि होकार कसा? आपल्याकडे 'हो हो, चालेल' म्हणताना मान जशी या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलते तसा. समोरासमोर हे कुणालाही कळतं, कारण आधी प्रश्न असतो, सोबत आवाज असतो आणि मान दोन-तीनदा डोलून थांबते. स्टिकरमध्ये ती थांबत नाही. एका गिऱ्हाईकबाईंनी दोन किलोची ऑर्डर टाकली, चकू डोलत राहिली, आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, "अहो मावशी, करणार आहात की नाही?" त्यांना तो नकार वाटला होता.

भाचीने मग दोन्ही हालचाली शेजारी ठेवून अभ्यासल्या. नकारात चेहरा आडव्या सरळ रेषेत डावी-उजवीकडे वळतो, भुवया खाली येतात. डोलणाऱ्या होकारात चेहरा वळत नाही, फक्त कलतो, त्याची वाट कमानीसारखी वाकडी असते आणि भुवया वर जातात. चकूला मान नाही, सगळं अंग एकच चकती. त्यामुळे वळणं आणि कलणं यातला फरकच तिच्यात उरत नव्हता. भुवया कितीही उचलल्या तरी लहान पडद्यावर संशय राहायचाच. शेवटी होकार मानेतून काढून हातात दिला. चकू वहीत लिहिते, शेवटी ठसठशीत बरोबरची खूण करते आणि वही आपल्याकडे फिरवते. फिरवलेली वही दहा चौकटी स्थिर, म्हणजे ज्याला फक्त शेवट दिसला त्यालाही खूण दिसते.

तरीसुद्धा मावशी आधी 'चकली २ किलो, शुक्रवारी संध्याकाळी' असं अक्षरात लिहितात आणि मग चकू पाठवतात. हे मला फार योग्य वाटतं. दिवाळीच्या आठवड्यात जुनी ऑर्डर शोधायची वेळ येते तेव्हा शोधून सापडतं ते अक्षर. चकूच्या वहीत किती किलो लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही.

सगळ्यात जास्त चर्चा मात्र झाली ती एका अगदी छोट्या गोष्टीवर. संच तयार करताना प्रत्येक स्टिकरला एक ते तीन इमोजी जोडावे लागतात, म्हणजे शोधताना ते सापडतं. नमस्काराला भाचीने साहजिकच 🙏 जोडला. मावशींच्या मुलाने तो काढायला लावला. तो म्हणाला, आपल्या ग्रुपवर हे जुळलेले हात सर्वांत जास्त कधी येतात ते बघ. गुड मॉर्निंगला येतात, आभाराला येतात, आणि कुणी गेल्याची बातमी आली की त्याखाली वीस-पंचवीस ओळीने येतात. घाईत कुणी 🙏 शोधेल, शेजारी चकू दिसेल, बोट लागेल, आणि ज्या घरात काल कुणी गेलं तिथे दुकानाची चकली हसत हसत झुकत राहील, थांबायचं नाव न घेता.

भाचीने दोन्ही गोष्टी बदलल्या. नमस्काराला 👋 आणि 🙂 जोडले, 🙏 कुठल्याच स्टिकरला ठेवला नाही. आणि नमस्कारातलं दात दाखवणारं तोंड काढून मिटलेलं, सौम्य तोंड बसवलं. म्हणजे चुकून गेलंच तर निदान हसणार नाही. खिन्न चकू काढून देते, असंही ती म्हणाली होती. मावशींनी साफ नको सांगितलं. "दुःखाच्या घरी दुकान घेऊन जात नाही गं कुणी. तिथे मी माझ्या हाताने लिहीन." त्यामुळे संचात रडणारी चकू नाही, आणि काढणारही नाहीत.

संच भरताना काही बारीक नियम आहेत. व्हॉट्सअॅपच्या एका संचात कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त तीस स्टिकर बसतात, आणि हलती व स्थिर स्टिकरं एकाच संचात मिसळता येत नाहीत. ९६ पिक्सेलचं चिन्ह वेगळं द्यावं लागतं. तिथे नमस्कार करणारी पूर्ण चकू घालू नका, फक्त चेहरा आणि एक वेढा पुरे. भाचीने मूळ थरांच्या फाइली दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. तयार वेबपीमधून थर परत मिळत नाहीत, आणि मावशींना संक्रांतीला चकूच्या हातात पतंगाची फिरकी हवी आहे. बडोद्यात उत्तरायणाला ती नसून कसं चालेल?

मावशींची आणखी एक मागणी मात्र दोन महिने अडली आहे. त्यांना 'पैसे राहिलेत' असं सांगणारी चकू हवी आहे. पहिल्या चित्रात ती हात पुढे करून उभी होती, ते भीक मागितल्यासारखं दिसलं. दुसऱ्यात घड्याळाकडे बघत पाय आपटत होती, तर मावशी म्हणाल्या, एवढ्याशा उधारीसाठी कोण असं करतं, लोक पुन्हा येणार नाहीत. आता तिसऱ्या प्रयत्नात चकू वहीची पानं उलटते, एका पानावर थांबते, आपल्याकडे बघते आणि लाजून पटकन वही मिटते. वही मिटल्यानंतरच्या थांब्याला किती चौकटी द्यायच्या यावर सध्या मावशी आणि भाचीचं एकमत होत नाहीये. भाची सहा म्हणते. मावशींना बारा हव्यात.